धार मधेच थांबते, तेव्हा ती उन्हाळी नसते

आपल्या केज भागात लघवीच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव आहे, उन्हाळी. लघवी जळजळली, थेंब थेंब आली, पुन्हा पुन्हा जावे लागले की घरातले म्हातारे माणूस निदान करून मोकळे होते. चैत्र-वैशाखात, रानात दिवसभर पाण्याविना राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते अनेकदा बरोबरही असते. लघवी घट्ट होते, जळजळ होते. पाणी, ताक, सब्जा घेतला की एक-दोन दिवसांत उतरते.

पण काही जणांची तक्रार वेगळी असते. लघवीची धार चांगली सुरू होते आणि मधेच, नळाची चकती फिरवावी तशी, एकदम बंद पडते. त्याच क्षणी लिंगाच्या टोकाशी जोराची कळ येते. माणूस तसाच थांबतो, पाय आपटतो, वाकतो, कधी आडवा होतो आणि मग उरलेली लघवी सुटते. या दोन गोष्टी, अचानक तुटलेली धार आणि टोकाशी उठणारी कळ, एकत्र आल्या तर ते उन्हाळीचे लक्षण नव्हे. तो मूत्राशयातला खडा असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो पाहिल्याशिवाय औषध देत राहणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरकडे असे रुग्ण येतात, तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत सरबतासारख्या गुलाबी औषधाच्या तीन-चार रिकाम्या बाटल्या आणि अँटिबायोटिकची निम्मी पाकिटे असतात. साधी सोनोग्राफी मात्र झालेली नसते.

आधी हे घडते कसे ते समजून घेऊ. मूत्राशय म्हणजे ओटीपोटातली लवचीक पिशवी. तिच्या तळाशी एक अरुंद तोंड असते आणि तिथून मूत्रनलिका सुरू होते. पिशवीत सुटा खडा असला आणि माणूस उभा राहून लघवी करू लागला, की लघवीच्या ओघाबरोबर खडा तळाकडे घसरतो आणि त्या तोंडावर बसतो. घंगाळाच्या भोकावर गोटी बसावी तशी धार बंद होते. आडवे झाले किंवा कूस बदलली की खडा तोंडावरून बाजूला सरकतो आणि लघवी पुन्हा वाहते. म्हणून हे रुग्ण आपली युक्ती स्वतःच शोधून काढतात. कोणी बसून लघवी करतो, कोणी एका कुशीवर वळून.

मग दुखते टोकाशी का? खडा तर वीतभर आत आहे. मूत्राशयाचे तोंड आणि लिंगाचे टोक यांच्या संवेदना मणक्याच्या खालच्या टोकाशी मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात. तोंडाशी खडा घासला की मेंदूला ती कळ टोकाहून आल्यासारखी वाटते. लघवी संपता संपता रिकामी होणारी पिशवी खड्यावर आवळते, म्हणून सर्वांत जास्त कळ शेवटी येते आणि शेवटच्या थेंबांना कधी रक्ताचा रंग असतो. रात्री झोपल्यावर त्रास कमी होतो. दिवसा धावताना, मोटारसायकलच्या दचक्यांनी, बैलगाडीत बसल्यावर तो वाढतो.

हे वर्णन नवे नाही. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ या नावाने ते आहे. लघवी करताना बेंबी, बस्ती आणि लिंग या भागांत वेदना, मूत्राची धार अडणे, रक्तमिश्रित लघवी आणि धावण्याने, उड्या मारण्याने, वाहनावर बसण्याने वाढणारी कळ, हे सगळे तिथे नोंदवले आहे. हा आजार मुलांमध्ये अधिक दिसतो, हेही सांगितले आहे. तपासणीचे कोणतेही यंत्र नसताना, केवळ रुग्णाचे ऐकून आणि त्याच्याकडे पाहून हे निदान होत असे. आज आपण यंत्रे बाळगून ते चुकवतो.

मुलांच्या बाबतीत ही चूक जास्त महागात पडते, कारण लहान मुलाला नीट सांगता येत नाही. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या रुग्णांचा नमुना म्हणून एक मुलगा घेऊ. वय सहा. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात गेले, फडाशेजारच्या कोपीत राहिले आणि पट्टा पडल्यावर परत आले. या मुलाला तिकडे असतानाच त्रास सुरू झाला होता. तिथे एकदा, गावी आल्यावर दोनदा औषध झाले. औषध चालू असताना जळजळ कमी होई, बंद केले की पुन्हा सुरू. आजी सांगत होती, “उन्हाळीच लागलीय सायेब, पोरगं पाणी पीत नाही.” आईचे म्हणणे वेगळे होते आणि ते ती दबकत सांगत होती. पोरगा सारखा लघवीची जागा धरून ओढतो, शाळेतही. मास्तरांनी बोलावून घेतले, बापाने दोनदा मारले. पोराला वाईट खोड लागली असे सगळ्यांना वाटत होते.

ती खोड नव्हती. टोकाशी कळ आली की मूल तिथेच धरणार, चिमटणार, ओढणार. महिनोन् महिने ओढल्याने त्याची पुढची कातडी लांबट झालेली होती, आणि ही खूण शिकलेल्या डॉक्टरला पुरेशी असते. आईला पुढचे प्रश्न विचारले. धार बारीक आहे का? नाही, चांगली असते. मधेच थांबते का? हो, एकदम. मग काय करतो? रडतो, नाचल्यासारखे पाय आपटतो, कधी जमिनीवर लोळतो, मग होते. कुंथताना शौचाच्या जागेतून अंग बाहेर येते का? एकदोनदा आले होते. अंथरूण ओले करतो का? आता करायला लागला आहे. इतके ऐकल्यावर तपासणीआधीच निदान जवळजवळ ठरते.

लघवीच्या तपासणीत पूपेशी आणि लाल पेशी होत्या. इथेच नेहमी गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. पूपेशी दिसल्या की ‘इन्फेक्शन’ असे लिहिले जाते आणि अँटिबायोटिक सुरू होते. खडा आतून घासत असेल तर पूपेशी दिसणारच. जंतू असले तरी ते खड्याच्या आश्रयाने राहतात आणि गोळ्या बंद झाल्या की परत वाढतात. म्हणून मुलग्याला लघवीचे इन्फेक्शन पुन्हा झाले, तर ‘कशामुळे’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढची गोळी लिहू नये.

एक्स-रेमध्ये ओटीपोटात अंधुक सावली दिसत होती. काही खडे एक्स-रेत दिसतच नाहीत, विशेषतः युरेटचे. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ म्हणजे खडा नाही असे समजू नये. सोनोग्राफी भरलेल्या मूत्राशयावर केली. मुलाने लघवी करून येऊन टेबलावर झोपले तर छोटा खडा निसटू शकतो, म्हणून पाणी पाजून थांबवून ठेवावे लागते. पडद्यावर पांढरी चकाकणारी कमान आणि तिच्यामागे काळी सावली दिसली, आकार पावणेदोन सेंटिमीटर. मुलाला कुशीवर वळवले तेव्हा ती वस्तू घरंगळून दुसऱ्या बाजूला गेली. चिकटलेली गाठ हलत नाही, सुटा खडा हलतो. दोन्ही मूत्रपिंडांना सूज नव्हती, हे चांगले होते.

त्यानंतरची शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात झाली. ओटीपोटावर लहानसा छेद घेऊन खडा अखंड बाहेर काढला, काही दिवस लघवीची नळी ठेवली आणि आठवड्याभराने मुलगा घरी आला. त्यानंतर हात लघवीच्या जागेकडे जाणे आपोआप थांबले. बापाने काही विचारले नाही, पण तो खडा डबीत घालून मागून घेतला.

आता प्रश्न असा की मुलग्यांनाच का? खडा मुलींच्या मूत्राशयातही होऊ शकतो. पण स्त्रियांची मूत्रनलिका सुमारे चार सेंटिमीटरची, आखूड आणि सरळ असते, त्यामुळे बारीक खडा लहान असतानाच वाहून जातो. पुरुषाची नलिका लांब, वळणाची आणि अरुंद असते. खडा आत अडकून राहतो आणि थरावर थर चढून वाढतो.

आणि तो मुळात तयार का होतो? लहान मुलांच्या मूत्राशयातला खडा बहुतेक वेळा मूत्रपिंडातून उतरलेला नसतो, तो तिथेच बनतो, आणि त्याचे मूळ ताटात असते. मूल अंगावरचे दूध तोडल्यावर बहुतेक धान्यावरच वाढत असेल, दूध, अंडी, डाळ अगदी कमी असेल, तर त्याच्या लघवीत फॉस्फेट कमी आणि अमोनिया जास्त राहते. त्यातच जुलाब आणि कडक ऊन यांनी लघवी घट्ट झाली की अमोनियम युरेटचे कण जमू लागतात. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या परिसरात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गरिबांच्या मुलांना असे खडे मोठ्या प्रमाणात होत. त्या मुलांचा आहार सुधारला तसा तो आजार तिथून नाहीसा होत गेला. आपल्या देशात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. निकृष्ट, पिठूळ आहारावर ठेवलेल्या उंदरांना खडे झाले, त्याच आहारात पुरेसे दूध मिळताच ते टळले. म्हणजे या खड्यावर उपाय औषधाच्या दुकानात कमी आणि चुलीवर जास्त आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला नुसती पेज किंवा पाण्यात कुस्करलेली भाकरी नको. त्याबरोबर घट्ट वरण, दही, दूध, परवडेल तसे अंडे हवे. कोपीवर जाणाऱ्या कुटुंबाने एवढे सांभाळले तरी मोठा फरक पडेल. आणखी एक समाधानाची गोष्ट, असा आहाराचा खडा एकदा काढला की सहसा परत होत नाही.

मोठ्या पुरुषाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे लोकांची व डॉक्टरांचीही गफलत होते. साठीच्या पुढच्या माणसाला मूत्राशयात खडा सापडला, तर तो आजार नव्हे, आजाराचा पुरावा असतो. पिशवी पूर्ण रिकामी होत नसेल तर तळाशी लघवी साचते, शिळी होते, त्यात क्षार जमतात. साचण्याचे सर्वांत नेहमीचे कारण वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी. मूत्रनलिकेतला आकुंचित भाग, दीर्घकाळ ठेवलेली लघवीची नळी, पाठीच्या मणक्याच्या दुखापतीनंतरचे सुस्त मूत्राशय, ही इतर कारणे. समजा अडुसष्ट वर्षांचे एक बाबा आले. रात्री चार-पाच वेळा उठतात, धार बारीक आहे आणि गेल्या सहा महिन्यांपासून मधेच तुटते, टोकाला कळ येते. सोनोग्राफीत अडीच सेंटिमीटरचा खडा आणि लघवी केल्यानंतरही दीडशे मिलिलिटर लघवी शिल्लक. कुणी फक्त खडा फोडून सोडून दिले तर त्यांची ती शिल्लक लघवी तशीच राहणार आणि काही काळाने खडा परत येणार. त्यांच्या प्रोस्टेटचाही बंदोबस्त व्हायला हवा, बहुतेकदा एकाच बैठकीत. म्हणून म्हाताऱ्या रुग्णाने अहवाल हातात घेतला की ‘खडा केवढा’ एवढेच न विचारता ‘लघवी केल्यावर किती उरते आणि का’ हेही विचारावे.

मोठ्या माणसाचा खडा आता बहुतेकदा पोट न कापता, मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून लेझरने किंवा हवेच्या ठोक्यांनी फोडून काढतात. खूप मोठा असेल तर छेद घेणे सुरक्षित. लहान मुलांची नलिका नाजूक असल्याने तिथे निवड जपून करावी लागते. इंदूरच्या रेसिडेन्सीत काम करणारे सर्जन कीगन यांनी 1880 च्या दशकात मुलग्यांचे खडेही मूत्रनलिकेतून आत फोडून काढता येतात हे दाखवले, तेव्हा तो मोठा वादाचा विषय होता. आज उपकरणे बारीक झाली आहेत, पण कोणती पद्धत वापरायची हे खड्याचा आकार आणि मुलाचे वय पाहून ठरते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया आहेत. कोणत्या रुग्णालयात सोय आहे ते रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. आपल्याला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथल्या शल्यचिकित्सा विभागात दाखवता येते.

‘पानफुटीची पाने खाल्ली, जवाचे पाणी प्यालो, माझा खडा पडला’ असे सांगणारे बरेच भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. मूत्रपिंडातला चार-पाच मिलिमीटरचा खडा पुष्कळदा आपोआप पडतो, त्याचे श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला मिळते. मूत्राशयात दोन सेंटिमीटरचा झालेला खडा मुलाच्या पेन्सिलीपेक्षा बारीक नलिकेतून जाणे शक्य नाही. उलट तो नलिकेच्या तोंडाशी अडकला तर लघवी पूर्ण बंद पडते. पाणी पुरेसे प्यावे हे खरे, पण खडा लोटून बाहेर काढण्यासाठी तांब्याच्या तांब्या पाणी पिऊ नये. गुलाबी सरबताने जळजळ शमते. अशा खड्यावर त्याचा भरवसा धरू नये.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर प्रत्येक आई घाबरेल. धार जन्मापासून बारीकच आहे, जोर लावावा लागतो, हे खड्याचे नव्हे, मूत्रनलिकेतल्या पडद्याचे लक्षण असू शकते, आणि तेही तपासायलाच हवे. लघवी करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगत असेल तर ती कातडी अरुंद आहे. मूत्रपिंडातून उतरलेला खडा मूत्राशयाच्या दारापाशी अडकला तरी टोकाला कळ येते आणि सारखी लघवी लागते, पण चालू धार मधेच तुटत नाही. प्रोस्टेटच्या रुग्णाची धारही थांबत थांबत येते, पण खड्यासारखी कळ नसते. म्हणून भर दोन्हींवर आहे, एकदम तुटणे आणि टोकाची कळ.

तातडी केव्हा? लघवी काही तास पूर्ण बंद आहे, ओटीपोट फुगून टणक झाले आहे, किंवा ताप-थंडी सुरू आहे. अशा वेळी ओटीपोट चोळू नका, जास्त पाणी पाजू नका, टोकाशी खडा दिसत असेल तर तो चिमट्याने ओढू नका, 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. डॉक्टर हळुवार नळी घालून किंवा ओटीपोटातून सुईने लघवी काढून पहिला त्रास सोडवतात.

माझी मागणी एवढीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, दात, डोळे, हृदय पाहतात. त्यांनी मुलग्यांच्या आईला एक प्रश्न जादा विचारावा, ‘लघवी करताना धार एकदम थांबते का आणि तो टोक धरून रडतो का?’ उत्तर ‘हो’ आले तर त्याच आठवड्यात, भरलेल्या मूत्राशयावर सोनोग्राफी व्हावी. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी हा प्रश्न पट्टा पडल्यावर लगेच, एप्रिलमध्ये विचारावा. दवाखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनीही एक नियम पाळावा. मुलग्याला किंवा पुरुषाला ‘उन्हाळी’चे औषध एकदा द्यायला हरकत नाही, पण तो दुसऱ्यांदा आला तर बाटली लिहिण्याआधी त्याला विचारा, धार तुटते का. आणि पोरगा सतत तिथे हात नेतो म्हणून त्याला मारण्याआधी बापाने त्याला एकदा लघवी करताना पाहावे. काय बिघडले आहे ते अर्ध्या मिनिटात दिसते.